केंद्रकाचा रंग आणि आकड्याचा अर्थ : स्तनाच्या कर्करोगातील संप्रेरक-ग्राही गुणांकनाचा इतिहास

प्रस्तावना

स्तनाच्या कर्करोगाच्या अहवालात 'ई.आर. : ५/८' अशी एक छोटी नोंद आढळते. रुग्णाला टॅमॉक्सिफेनसारखे संप्रेरकविरोधी औषध द्यावे की नाही, हा निर्णय बऱ्याच अंशी या नोंदीवर ठरतो. हा आकडा यंत्राने मोजलेला नसतो. विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या केंद्रकांचा रंग पाहून तो ठरवतो. नजरेने केलेल्या या अंदाजाला मापनाची प्रतिष्ठा कशी मिळाली आणि त्या मापनाच्या मर्यादा कशा उघड झाल्या, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मापनाची पूर्वपीठिका

ग्लासगो येथील शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये असे दाखवून दिले की, अंडाशय काढून टाकल्यावर काही स्त्रियांच्या स्तनातील पुढच्या अवस्थेतील गाठी आक्रसतात. मात्र हा लाभ मोजक्याच रुग्णांना होत असे आणि तो कोणाला होईल हे आधी सांगता येत नसे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून त्याचे उत्तर शोधले. इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे विशिष्ट प्रथिन, म्हणजेच ग्राही, ज्या गाठीत असते तीच गाठ संप्रेरकाला प्रतिसाद देण्याची शक्यता असते.

त्यानंतर सुमारे दोन दशके हे ग्राही जैवरासायनिक पद्धतीने मोजले गेले. गोठवलेली गाठ कुटून तिचा द्राव तयार करावयाचा आणि त्यातील प्रथिनाच्या दर मिलिग्रॅममागे किती फेम्टोमोल इस्ट्रोजेन बांधले जाते ते पाहावयाचे, अशी ती रीत होती. उत्तर अंकांत मिळे. परंतु कुटलेल्या ऊतीत कर्कपेशी, निरोगी नलिका आणि तंतुमय भाग एकत्र मिसळलेले असत. गाठीत कर्कपेशी विरळ असतील तर आकडा खोटा कमी येई. निरोगी नलिका अधिक असतील तर तो खोटा वाढे. शिवाय या परीक्षेसाठी ताजी व पुरेशी ऊती लागे. लहान गाठींच्या बाबतीत ती मिळणे कठीण होते.

१९८० मध्ये जेफ्री ग्रीन, जेन्सन व सहकाऱ्यांनी मानवी इस्ट्रोजेन-ग्राहीविरुद्धची एकजातीय प्रतिपिंडे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. १९८४ मध्ये याच प्रकारच्या प्रतिपिंडांनी दिसून आले की हा ग्राही पेशीद्रवात नसून मुख्यत्वे केंद्रकात असतो. आजही गुणांकन करताना केवळ केंद्रकाचा तपकिरी रंग ग्राह्य धरला जातो आणि पेशीद्रवातील रंग सोडून दिला जातो, त्याचे मूळ येथे आहे. १९९१ मध्ये ऊतीचे छेद सूक्ष्मलहरींच्या भट्टीत तापवून फॉर्मेलिनने झाकलेली प्रथिने पुन्हा उघडी करण्याचे तंत्र प्रसिद्ध झाले. त्यामुळे मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेल्या नेहमीच्या ऊतीवरही ही परीक्षा भरवशाने करणे शक्य झाले.

गुणांकनाची रचना

आता प्रश्न उरला तो दृश्याचे अंकांत रूपांतर करण्याचा. एका पद्धतीत फिक्या, मध्यम व गडद केंद्रकांच्या टक्केवारीला अनुक्रमे १, २ व ३ ने गुणून बेरीज करतात. हा 'एच-स्कोअर' ० ते ३०० असतो. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे क्रेग ऑलरेड व सहकाऱ्यांनी अधिक सुटसुटीत रीत रूढ केली. तीत रंगलेल्या पेशींच्या प्रमाणाला ० ते ५ गुण असतात : एकही नसल्यास ०, एक टक्क्याहून कमी असल्यास १, एक ते दहा टक्के २, दहा टक्के ते एक तृतीयांश ३, एक तृतीयांश ते दोन तृतीयांश ४ आणि त्यापुढे ५. रंगलेल्या केंद्रकांच्या सरासरी गडदपणाला ० ते ३ गुण मिळतात. दोहोंची बेरीज ० किंवा २ ते ८ येते. एकही पेशी रंगलेली असेल तर दोन्ही घटकांत किमान एक गुण मिळतोच; म्हणून १ ही बेरीज कधीच येत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका काचपट्टीवर आक्रमक कर्कपेशींपैकी १० टक्के केंद्रके फिकी, ८ टक्के मध्यम आणि २ टक्के गडद रंगली आहेत. एच-स्कोअर १० + १६ + ६ म्हणजे ३०० पैकी ३२ होतो. ऑलरेड पद्धतीत एकूण २० टक्के पेशींना ३ गुण व सरासरी मध्यम रंगाला २ गुण, असे ८ पैकी ५ मिळतात. दुसऱ्या काचपट्टीवर केवळ ५ टक्के केंद्रके फिकी रंगली असतील, तर एच-स्कोअर अवघा ५ येतो. ऑलरेड गुण मात्र २ + १ म्हणजे ३ होतात. ही मोजपट्टी मुद्दामच असमान आहे. तिच्या खालच्या टोकाला घरे दाट आखली आहेत, कारण उपचाराचा निर्णय तेथेच अडतो.

१९९९ मध्ये हार्वे, क्लार्क, ऑसबॉर्न व ऑलरेड यांनी १,९८२ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. संप्रेरक-उपचाराला मिळणारा प्रतिसाद वर्तवण्यात काचपट्टीवरील परीक्षा जैवरासायनिक परीक्षेपेक्षा सरस ठरली. ३ किंवा अधिक गुण असलेल्या गाठी 'सकारात्मक' मानाव्यात, असा निष्कर्ष निघाला. वरील उदाहरणातील दुसरी स्त्रीही त्यामुळे उपचारास पात्र ठरते. ही सीमारेषा रंगाच्या देखणेपणावरून आखलेली नव्हती. उपचार घेतलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, यावरून ती ठरली होती.

शून्याचा प्रश्न : न्यूफाउंडलंडचा दाखला

सीमारेषा इतकी खाली असल्यामुळे 'शून्य' या निष्कर्षाचे उत्तरदायित्व वाढते. कॅनडातील न्यूफाउंडलंड प्रांतात याचा दारुण प्रत्यय आला. तेथे १९९७ पासून ही परीक्षा काचपट्टीवर होत होती. २००५ मध्ये एका रुग्णाचा नकारात्मक अहवाल फेरतपासणीत सकारात्मक आला. पुढे १९९७ ते २००५ या काळातील नमुने टोरांटो येथे पाठवण्यात आले आणि साडेतीनशेहून अधिक रुग्णांचे अहवाल बदलले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरून यांच्या चौकशी आयोगाने २००९ मध्ये अहवाल सादर केला. गुणवत्ता-नियंत्रणाची यंत्रणाच अपुरी असल्याचे त्यातून पुढे आले.

अशा चुका गुणांच्या बेरजेत होत नाहीत, त्या बेरजेपूर्वीच झालेल्या असतात. गाठ फॉर्मेलिनमध्ये उशिरा पडली किंवा पुरेसा वेळ राहिली नाही, तापवणे कमी पडले, तर ग्राही असूनही केंद्रक निळेच राहते. ही चूक ओळखण्याची खूण त्याच काचपट्टीवर असते. निरोगी नलिकांतील काही पेशींत इस्ट्रोजेन-ग्राही स्वभावतःच असतो. त्या पेशीही रंगल्या नसतील तर गाठीचे शून्य हे शून्य नसून परीक्षा फसल्याची कबुली असते. अशा वेळी अहवाल न देता परीक्षा पुन्हा करणे हाच मार्ग असतो. काचपट्टीवर निरोगी नलिकाच नसेल, तर दुसऱ्या ठोकळ्यावर परीक्षा करणे इष्ट ठरते.

अमेरिकेतील दोन व्यावसायिक संघटनांनी २०१० मध्ये संयुक्त मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत एक टक्का वा अधिक केंद्रके रंगल्यास गाठ सकारात्मक ठरवण्यात आली आणि गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मेलिनमध्ये पडावी, ही अपेक्षाही नोंदवली गेली. २०२० च्या सुधारणेत एक ते दहा टक्के प्रमाणाला 'अल्प सकारात्मक' असे वेगळे नाव मिळाले, कारण या गटाला होणाऱ्या लाभाचा पुरावा मर्यादित आहे. अर्धा टक्का केंद्रके मध्यम रंगलेली असल्यास मात्र ऑलरेड गुण ३ येतात, तर टक्केवारीचा नियम तीच गाठ नकारात्मक ठरवतो. म्हणून अहवालात केवळ बेरीज न देता प्रमाण व गडदपणा स्वतंत्रपणे नोंदवणे आवश्यक ठरते.

समारोप

जैवरासायनिक परीक्षेचा आकडा काटेकोर होता. पण तो कोणत्या पेशींचा, हे त्यातून कळत नव्हते. काचपट्टीवरील आकडा ढोबळ आहे. पण तो नेमक्या कर्कपेशींचा आहे. १९९९ च्या अभ्यासाने या ढोबळ आकड्याला रुग्णांच्या प्रत्यक्ष अनुभवाचा आधार दिला. न्यूफाउंडलंडच्या प्रकरणाने मात्र हे स्पष्ट केले की, शेजारची निरोगी नलिका रंगली आहे याची खात्री केल्यावाचून त्या आकड्यातील शून्य वाचता येत नाही.