पगाराचा आकडा आणि एका स्टेनोग्राफरचा खटला

गटाच्या बैठकीत कुणाची बचत किती, कुणाकडे कर्ज किती, कुणाचा हप्ता थकला, हे सगळं आपण वहीतून मोठ्याने वाचतो. पण खडकवासल्याहून धायरी, नांदेड फाट्याकडे कामाला जाणाऱ्या आपल्याच मैत्रिणींना पगार विचारला की आवाज खाली येतो. "कामावर घेतानाच बजावलंय, पगार एकमेकींना सांगायचा नाही," असं काहीजणी सांगतात. काहींच्या नेमणूकपत्रात तसं लिहिलेलंही असतं. हा आकडा झाकून राहिला तर कुणाचं काय जातं, हे समजायला आज आम्ही तुम्हाला मुंबईतला एक जुना खटला सांगणार आहोत.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने समान वेतनाचा वटहुकूम काढला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. एकाच मालकाकडे सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम करणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा कमी पगार देता येणार नाही, असं त्यात सांगितलं होतं.

तेव्हा मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी नावाच्या जहाज व्यवसायातल्या कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. साहेब सांगतील ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि टाइप करायचं, हे त्यांचं काम. कंपनीत पुरुष स्टेनोग्राफरही होते. पण बायकांना 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' असं वेगळं नाव होतं आणि त्यांची पगारश्रेणी पुरुषांपेक्षा कमी होती. जून १९७७ मध्ये बाईंची नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी नव्या कायद्याखाली अर्ज केला आणि कायदा लागू झाल्यानंतरच्या काळातला पगारातला फरक मागितला.

पहिल्या अधिकाऱ्याने काम सारखं असल्याचं मान्य केलं, तरी अर्ज फेटाळला. कारण कंपनी आणि युनियन यांच्यात १९७५ मध्ये करार झाला होता आणि पगारश्रेणी त्याप्रमाणे ठरल्या होत्या. बाई अपिलात गेल्या आणि तिथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. मग कंपनी उच्च न्यायालयात गेली, तिथे हरली, म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेली. २६ मार्च १९८७ ला तिथेही कंपनीच हरली. न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. युनियनने सही केलेल्या कराराच्या आधाराने बाईला कमी पगार देता येत नाही. आणि 'आम्हाला परवडत नाही' हे कारणही चालत नाही.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली मुख्य गोष्ट बघा. ऑड्रीबाई लढू शकल्या, कारण दोन्ही पगारश्रेणी करारात लिहिलेल्या होत्या. पुरुषाला किती मिळतात हे अंदाजाने सांगावं लागलं नाही. फरक दिसला, म्हणून तो मागता आला.

फरक दिसलाच नाही तर काय होतं, हे अमेरिकेतल्या लिली लेडबेटर यांच्या गोष्टीत कळतं. अलाबामा राज्यातल्या टायरच्या कारखान्यात त्या १९७९ पासून १९ वर्षं होत्या. पगाराविषयी बोलायचं नाही, अशी तिथली अट होती. निवृत्ती जवळ आली तेव्हा कुणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली. बरोबरीच्या पुरुषांचे पगार त्यांच्यापेक्षा बरेच जास्त असल्याचं त्यांना तेव्हा कळलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००७ मध्ये त्या हरल्या. तक्रार १८० दिवसांत करायला हवी होती, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. जे माहीतच नव्हतं त्याची तक्रार वेळेत करायची कशी? पुढे २००९ मध्ये तिथला कायदा बदलला, पण लिलीबाईंच्या हातात काही आलं नाही.

आपल्याकडे आज काय आहे? समान वेतनाचा नियम आता वेतन संहितेत आला आहे. ती संसदेने २०१९ मध्ये मंजूर केली आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. तिच्याप्रमाणे मालकाने पगाराची चिठ्ठी द्यायची असते. कोणत्या प्रकारच्या कामाला किती दर, हे सूचना फलकावर लावायचं असतं. सरकारी कार्यालयांना तर माहिती अधिकार कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्यांचे पगार स्वतःहून जाहीर करावे लागतात. आपल्या खडकवासल्यातल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रालाही तो नियम आहे.

स्वतःचा पगार मैत्रिणीला सांगणं हा आपल्या देशात गुन्हा नाही. घरी, युनियनमध्ये, वकिलाला किंवा कामगार कार्यालयात तो सांगता येतो. मात्र खासगी कंपनीत पगारावर बोलणाऱ्याला थेट संरक्षण देणारा कायदाही आपल्याकडे नाही. नेमणूकपत्रात तशी अट असेल तर मालक शिस्तभंगाची नोटीस काढू शकतो. म्हणून आधी ते पत्र वाचा. आणि हिशेब विभागात काम करताना दुसऱ्यांचे पगार दिसत असतील, तर ते बाहेर सांगू नका. ती माहिती आपली नसते.

तुलना करताना एक चूक नेहमी होते. हातात आलेले पैसे मोजले जातात. समजा, एका पॅकिंग विभागात एका बाईच्या हातात महिन्याला १२ हजार आले आणि शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाच्या हातात १५ हजार. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याने जादा तास केले असतील किंवा तिचे खाडे झाले असतील. दोघांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून रोजचा दर काढा. तिचा दर ५१० आणि त्याचा ५६० निघाला, तर २६ दिवसांचे १,३०० रुपये होतात आणि वर्षाचे १५,६००. मग विचारा, काम तेच आहे का? कौशल्य, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे का? सारखी असेल, तर मागायचा फरक हाच. ऑड्रीबाईंसारखं हुद्द्याचं नाव वेगळं असलं तरी बघायचं ते काम.

शेजारचा पुरुष चिठ्ठी दाखवायला घाबरतो. "तुमचा वाढवायला माझा कापतील," असं त्याला वाटतं. त्याला सांगा, समानता आणण्यासाठी कुणाचाही पगार कमी करायला कायद्याने मनाई आहे. ही तरतूद १९७६ च्या कायद्यातही होती आणि आताही आहे.

राहिलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. म्हणून दर महिन्याची चिठ्ठी जपून ठेवा. चिठ्ठी मिळत नसेल तर ती लेखी मागा आणि त्या अर्जाची एक प्रत पोच घेऊन आपल्याजवळ ठेवा. बँकेत पगार जमा होत असेल तर पासबुकात नोंदी भरून घ्या. फलकावर दर लावले असतील, तर ते तारखेसह वहीत उतरवून घ्या. कामगार कार्यालयात गेल्यावर पहिल्यांदा हेच कागद मागतात.