हायड्रोजन वायूचा उलटा स्वभाव

दाबून भरलेला वायु बारीक छिद्रांतून मोकळा सोडला कीं तो थंड होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि हवेपुरतें पाहिलें तर ती खोटीही नाहीं. परंतु त्याच छिद्रांतून आणि तितक्याच दाबाखालून हायड्रोजन वायु सोडला, तर तो थंड होण्याऐवजीं किंचित् ऊन होतो. हा भेद इतका लहान आहे कीं, चांगला उष्णतामापक हाताशीं नसेल तर तो ध्यानांतही यावयाचा नाहीं. तथापि हायड्रोजन द्रवरूप करूं पाहणारांच्या वाटेंत हाच भेद आडवा आला. आणि त्याचा उलगडा झाला तेव्हां त्यांतूनच पुढची वाटही सांपडली. तो उलगडा कसा झाला, हें ह्या लेखांत पाहावयाचें आहे.

मँचेस्टरकडील मद्यनिर्मितीचा व्यवसाय असलेल्या घराण्यांतील जेम्स प्रेस्कॉट जूल ह्यांनीं १८४५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. तांब्याचीं दोन भांडीं नळीनें जोडून त्यांनीं पाण्यांत ठेविलीं. एकांत सुमारें २२ वातावरणांच्या दाबाची हवा होती. दुसरें निर्वात होतें. मधली तोटी उघडतांच हवा दोन्ही भांड्यांत पसरली, परंतु पाण्याच्या उष्णमानांत कांहीं फरक दिसला नाहीं. ह्यावरून, नुसत्या पसरण्यानें हवेची उष्णता कमीजास्त होत नाहीं, असा निष्कर्ष निघाला. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन (हेच पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले) ह्यांस मात्र तो पुरता पटेना. भांडीं आणि पाणी ह्यांच्या मानानें हवेचें वजन फारच थोडें. तेव्हां हवेंत होणारा लहानसा फरक एवढ्या पाण्यांत बुडून जावयाचाच. फरक पाहावयाचा तर तो वाहत्या वायूंतच पाहिला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें पडलें.

म्हणून १८५२ सालापासून ह्या दोघांनीं मिळून निराळा प्रयोग आरंभिला. पंपानें दाबलेला वायु प्रथम पाण्यांत बुडविलेल्या लांब वेटोळ्यांतून नेऊन त्याचें उष्णमान स्थिर करावयाचें. मग उष्णता न वाहणाऱ्या लांकडी नळींत कापूस किंवा रेशीम गच्च भरून केलेल्या सच्छिद्र बुचांतून तो हळूहळू पलीकडे जाऊं द्यावयाचा. आणि बुचाच्या अलीकडचें व पलीकडचें उष्णमान पाहावयाचें. बुचामुळें वायूचा झोत मोडतो व तो शांतपणें बाहेर पडतो, त्यामुळें वेगाच्या फेरफारांचा घोटाळा राहत नाहीं. दहा वर्षे चाललेल्या ह्या खटपटीचें फळ असें निघालें कीं, दाब एका वातावरणानें उतरला म्हणजे हवा सुमारें पाव अंश सेंटिग्रेड थंड होते. कार्बानिक आम्ल वायु एका अंशाहून अधिक थंड होतो. आणि हायड्रोजन मात्र एका अंशाचे तीन शतांश इतका ऊन होतो.

आतां हें असें कां व्हावें? इंजिनांत वायु पसरतांना दट्ट्या ढकलतो. तें काम बाहेर निघून जातें आणि तितकी उष्णता वायूला मुकावी लागते. येथें दट्ट्या नाहीं आणि बाहेरून उष्णता येण्याजाण्यासही वाट नाहीं. म्हणून बुचांतून जाणाऱ्या वायूचा जमाखर्च मांडला पाहिजे. मागून येणारा वायु त्यास पुढें रेटतो, म्हणजे त्याच्यावर काम करतो, ही जमा. तो स्वतः पलीकडील वायूस रेटून आपल्यासाठीं जागा करतो; हा खर्च. बॉईलच्या नियमाप्रमाणें दाब व आकारमान ह्यांचा गुणाकार कायम राहता, तर जमा व खर्च सारखे होऊन वायूचें उष्णमान जसेंच्या तसें राहतें. परंतु खरा वायु हा नियम तंतोतंत पाळीत नाहीं, आणि त्याचीं कारणें दोन आहेत.

पहिलें कारण असें कीं, वायूचे रेणु एकमेकांस थोडेंबहुत ओढतात. वायु पसरला म्हणजे ते एकमेकांपासून दूर जातात, आणि ही ओढ तोडण्यास लागणारी शक्ति त्यांच्या स्वतःच्या गतींतून खर्च होते. रेणूंची गति मंदावणें म्हणजेच वायु थंड होणें. दुसरें कारण असें कीं, रेणूंस स्वतःचें आकारमान आहे. फार दाबलेल्या वायूंत ही जागा दडपतां येत नाहीं, म्हणून बॉईलच्या नियमानें जितकी यावी त्याहून अधिक जागा तो व्यापतो. अशा वायूस मागून रेटतांना जें काम त्याच्या पदरीं पडतें, तें त्यास पुढें करावे लागणाऱ्या कामाहून अधिक असतें. ही शिल्लक उष्णतेच्या रूपानें त्याच्यापाशीं राहते, आणि वायु ऊन होतो. एवंच ओढ थंड करते आणि आकारमान ऊन करतें. ज्याचें पारडें जड, त्याप्रमाणें परिणाम दिसावयाचा. फ्रान्समधील रेन्यो ह्यांनीं १८४७ सालींच दाखविलें होतें कीं, साधारण उष्णमानावर इतर वायु बॉईलच्या नियमाहून अधिक दबतात आणि हायड्रोजन मात्र कमी दबतो. बुचाच्या प्रयोगांत त्याचीच दुसरी बाजू दिसली.

येथवर पाहिलें तर हायड्रोजन हा जातीनेंच निराळा आहे, असें म्हणावेसें वाटेल. परंतु हा भेद जातीचा नसून उष्णमानाचा आहे. ऊन वायूचे रेणु इतक्या वेगानें एकमेकांजवळून निघून जातात कीं, ओढीस आपला प्रभाव दाखविण्यास सवड मिळत नाहीं. त्यांचें आकारमान मात्र जवळजवळ तितकेंच राहतें. वायु थंड करीत जावें तसतसा ओढीचा प्रभाव वाढतो, आणि एका ठराविक उष्णमानावर दोन्ही पारडीं समतोल होतात. तेथें छिद्रांतून सोडलेला वायु ऊनही होत नाहीं आणि थंडही होत नाहीं. ह्यास पालटाचें उष्णमान म्हणूं. त्याच्या वर प्रत्येक वायु ऊन होतो, आणि त्याच्या खालीं प्रत्येक वायु थंड होतो.

हें उष्णमान किती असावें, ह्याचा अंदाज हॉलंडमधील व्हान डर वाल्स ह्यांनीं १८७३ सालीं मांडलेल्या समीकरणावरून करतां येतो. निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या क्रांतिक उष्णमानाची, म्हणजे ज्याच्यावर कितीही दाबलें तरी वायु द्रव होत नाहीं त्या उष्णमानाची, पावणेसातपट करावी. हायड्रोजनचें क्रांतिक उष्णमान निरपेक्ष ३३ अंश. त्याची पावणेसातपट सुमारें २२३, म्हणजे उणे ५० सेंटिग्रेड. प्रत्यक्षांत तें सुमारें उणे ७१ आहे. समीकरण ढोबळ असल्यानें एवढा फरक राहतो, परंतु दिशा अचूक कळते. नैट्रोजनचें पालटाचें उष्णमान सुमारें ३५० अंश आहे. तेव्हां आपल्या खोलींतील हवा ह्या मर्यादेच्या फार खालीं आणि हायड्रोजन तिच्या बराच वर आहे, इतकाच त्या दोघांतील भेद. मात्र हे आंकडे दाब थोडा असतांनाचे आहेत. दाब पुष्कळ वाढविला म्हणजे रेणूंच्या आकारमानाचें पारडें जड होऊं लागतें आणि पालटाचें उष्णमान खालीं सरकतें. इतकें कीं, कित्येकशें वातावरणांच्या दाबावर नैट्रोजनही साधारण उष्णमानावर ऊन होऊं लागतो.

१८९५ सालीं जर्मनींत लिंडे ह्यांनीं व इंग्लंडांत हॅम्प्सन ह्यांनीं हवेच्या थंड होण्याचा मोठ्या युक्तीनें उपयोग केला. २०० वातावरणांच्या दाबाखालील हवा तोटींतून एकदां सोडली, तर ती चाळीसेक अंश थंड होते. द्रव होण्यास तर उणे १९० पर्यंत उतरावयास पाहिजे. म्हणून थंड झालेली हवा त्यांनीं येणाऱ्या हवेच्या नळीभोवतीं परत फिरविली. पुढची हवा तोटीपाशीं पोंचण्यापूर्वींच थंड होते, सुटल्यावर अधिक थंड होते, आणि असें व्याजावर व्याज चढत जाऊन शेवटीं हवेचे थेंब पडूं लागतात. परंतु त्याच यंत्रांत साधारण उष्णमानाचा हायड्रोजन घातला, तर व्याज उलट्या बाजूनें चढतें. प्रत्येक फेरींत तो कांहीं अंशांनीं ऊन होतो, आणि परतणारा ऊन वायु येणाऱ्या वायूस आणखीच तापवितो. यंत्र कितीही वेळ चालविलें, तरी थेंब मिळावयाचा नाहीं.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील जेम्स ड्यूअर ह्यांनीं १० मे १८९८ रोजीं हा तिढा सोडविला. त्यांनीं हायड्रोजन प्रथम द्रव हवेच्या साहाय्यानें उणे २०५ अंशांपर्यंत उतरविला, आणि मगच १८० वातावरणांच्या दाबाखालून तो तोटींतून सोडला. पालटाच्या उष्णमानाखालीं जेमतेम येऊन भागत नाहीं, कारण त्याच्या अगदीं जवळ थंडावा जवळजवळ शून्य असतो. शिवाय एवढ्या दाबावर ती मर्यादाही खालीं गेलेली असते. म्हणून इतक्या खोल उतरणें भाग होतें. चांदीचा मुलामा दिलेल्या निर्वातभिंतींच्या पात्रांत थेंब पडूं लागले, आणि सुमारें पांच मिनिटांत २० घन सेंटिमीटर द्रव हायड्रोजन जमला. नंतर प्रवाह थांबला. वायूंत राहिलेली लेशमात्र हवा नळींत गोठून तिनें तोटीचें तोंड बंद केलें होतें! इतक्या थंडींत अशुद्ध वायूचा दोष असा आपण होऊन उघडकीस येतो. पुढें १९०२ सालीं क्राकोचे ओल्शेव्स्की ह्यांनीं प्रत्यक्ष मापन करून, ११३ वातावरणांवरून सोडलेल्या हायड्रोजनचें पालटाचें उष्णमान उणे ८०.५ अंश असल्याचें दाखविलें.

राहिला हेलियम. त्याची ही मर्यादा उणे २३० च्या आसपास. तेव्हां द्रव हवेनें त्याचें काम भागण्यासारखें नव्हतें. परंतु द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर उकळतो, आणि त्यावरील दाब कमी केला म्हणजे आणखी खालीं उतरतो. लायडनचे कामर्लिंग ऑन्नेस ह्यांनीं १० जुलै १९०८ रोजीं हेलियम अशा हायड्रोजनमध्यें सुमारें उणे २५८ पर्यंत थंड करून मग सोडला. पहाटेपासून चाललेल्या त्या कामांत संध्याकाळपर्यंत द्रवाचें चिन्ह दिसेना, आणि हायड्रोजनचा सांठा तर संपत आलेला. उष्णतामापक एका जागीं ठरून राहिला होता. तो द्रवांतच बुडाला असेल, अशी एका सहकाऱ्यास शंका आली, व पात्र खालून उजळून पाहण्याचें त्यांनीं सुचविलें. तसें करतांच कांचेच्या भिंतीशीं द्रवाची कड स्पष्ट दिसली. हेलियमचा द्रव इतका पारदर्शक आहे कीं, तो जमलेला असूनही कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता.

अशा रीतीनें हवेनें हायड्रोजनास त्याच्या मर्यादेखालीं आणलें आणि हायड्रोजनानें हेलियमास आणलें. १८५२ च्या सुमारास अपवाद म्हणून नोंदलेले ते तीन शतांश अपवाद नव्हतेच. हवा जो नियम पाळीत होती, तोच नियम हायड्रोजन आपल्या मर्यादेच्या वरच्या बाजूनें पाळीत होता.