वर्त्मपात

वर्त्मपात म्हणजे डोळ्याची वरची पापणी तिच्या नेहमीच्या जागेपेक्षा खाली उतरून राहणे. वैद्यकीय व्यवहारात या अवस्थेस टोसिस असे म्हणतात. हा शब्द ‘पडणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. ही अवस्था जन्मापासून असू शकते किंवा पुढे कोणत्याही वयात उद्भवू शकते आणि ती एका किंवा दोन्ही डोळ्यांत आढळते. वर्त्मपात हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. त्याचे कारण पापणीतच असते किंवा पापणीपासून दूर, मेंदूत, मानेत अथवा सर्पविषात असते. लहान मुलांत तो दिसण्यापुरता दोष आहे असे समजून दुर्लक्षित राहतो. परंतु मुलाची दृष्टी घडण्याच्या वयात पापणी बाहुलीवर आली, तर त्या डोळ्याची नजर कायमची अधू राहू शकते.

पापणी कशी उचलली जाते

वरची पापणी उचलण्याचे मुख्य काम लिव्हेटर नावाचा स्नायू करतो. तो डोळ्याच्या खोबणीच्या मागील भागातून निघून पुढे येतो आणि एका पातळ, रुंद कंडरेच्या रूपाने पापणीतील कूर्चेसारख्या पट्टीला चिकटतो. त्याला मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या तंत्रिकेकडून आज्ञा मिळते. त्याच्या खाली म्युलरचा स्नायू असतो. तो अनुकंपी तंत्रिकांच्या अधीन असून पापणी आणखी सुमारे २ मिमी वर धरतो. म्हणूनच नुसता म्युलरचा स्नायू निकामी झाल्यास पापणी थोडीच उतरते, तर तिसरी तंत्रिका निकामी झाल्यास डोळा जवळजवळ मिटतो.

तपासणीत दोन मापे सर्वांत महत्त्वाची असतात. पहिले माप उंचीचे. रुग्णाने समोर पाहत असताना डोळ्यावर विजेरीचा प्रकाश टाकला की बाहुलीच्या मध्यभागी एक चमकता ठिपका दिसतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर सामान्यतः ४ ते ५ मिमी असते. बाहुलीचा व्यास सुमारे ४ मिमी धरल्यास, हे अंतर २ मिमीच्या खाली गेले की पापणी बाहुली झाकू लागते. दुसरे माप स्नायूच्या ताकदीचे. भुवईवर अंगठा घट्ट दाबून कपाळाची मदत बंद करतात, रुग्णास आधी पूर्ण खाली आणि मग पूर्ण वर पाहण्यास सांगतात आणि पापणीची कड किती सरकली ते पट्टीने मोजतात. निरोगी डोळ्यात ती १२ मिमी किंवा अधिक सरकते. ४ मिमी किंवा त्याहून कमी सरकल्यास स्नायू दुबळा मानतात. पापणी किती उतरली आहे यावरून शस्त्रक्रियेची गरज कळते. कोणती शस्त्रक्रिया करायची हे मात्र प्रामुख्याने दुसऱ्या मापावर ठरते.

लहान मुलांतील वर्त्मपात

जन्मजात वर्त्मपातात बहुधा लिव्हेटर स्नायूची घडणच सदोष असते. स्नायूतंतूंच्या जागी तंतुमय आणि मेदयुक्त ऊतक असते. असा स्नायू नीट आकुंचन पावत नाही आणि नीट सैलही होत नाही. त्यामुळे एक चमत्कारिक खूण दिसते: समोर पाहताना खाली असलेली पापणी, मूल खाली पाहू लागले की निरोगी बाजूच्या पापणीपेक्षा वर अडकून राहते. नंतर उद्भवलेल्या वर्त्मपातात सहसा असे होत नाही.

काही अर्भकांत दूध पिताना जबड्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर उतरलेली पापणी झटक्याने वर जाते. याचे वर्णन स्कॉटिश नेत्रवैद्य रॉबर्ट मार्कस गन यांनी १८८३ मध्ये केले. जबड्याच्या स्नायूंकडे जाणाऱ्या तंत्रिकेचे तंतू चुकून लिव्हेटरशी जोडले गेल्याने हे घडते. अनेकदा ही हालचाल आधी आईच्याच लक्षात येते.

दृष्टीला खरा धोका मंददृष्टीचा, म्हणजे ‘आळशी डोळ्या’चा असतो. पाहायला शिकणे हे मेंदूचे काम आहे आणि ते प्रामुख्याने वयाच्या सात-आठ वर्षांपर्यंत चालते. या काळात एका डोळ्याकडून स्पष्ट प्रतिमा मिळाली नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. पुढे पापणी उचलली आणि चष्मा दिला तरी ती नजर पुरती परतत नाही. पापणीने बाहुली झाकणे हे मंददृष्टीचे उघड कारण असले तरी एकमेव नाही. उतरलेल्या पापणीच्या बाजूला सिलिंडरचा नंबर, दोन डोळ्यांच्या नंबरांतील तफावत किंवा तिरळेपणा अधिक आढळतो आणि त्यांमुळेही मंददृष्टी येते. त्यामुळे बाहुली उघडी आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. बाहुली विस्फारणारे थेंब घालून चष्म्याचा नंबर तपासणे प्रत्येक अशा मुलात आवश्यक ठरते.

हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून पाहणारे मूल पालकांना चिंतेचे वाटते. प्रत्यक्षात ही सवय काहीशी दिलासा देणारी असते, कारण ते मूल पापणीखालून पाहण्यासाठी तो डोळा वापरत आहे. एका बाजूची पापणी बाहुलीवर आली असूनही मूल मान सरळ ठेवून निवांत पाहत असेल, तर त्याने तो डोळा सोडून दिला असण्याची शंका घ्यावी लागते.

एक उदाहरण

चार वर्षांच्या एका मुलाची डावी पापणी जन्मापासून उतरलेली आहे असे समजू. प्रकाशठिपक्यापासून कडेपर्यंतचे अंतर उजवीकडे ४ मिमी आणि डावीकडे १ मिमी आहे. फरक ३ मिमीचा, म्हणजे वर्त्मपात मध्यम. डाव्या पापणीची हालचाल ६ मिमी भरते. स्नायू कमजोर, पण निकामी नाही. उजव्या डोळ्याची दृष्टी ६/९, डाव्याची ६/२४ आहे आणि थेंब घालून तपासल्यावर डाव्या डोळ्यात अडीचचा सिलिंडर सापडतो.

येथे आधी चष्मा दिला जातो. नजर अपेक्षेइतकी सुधारली नाही, तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावतात, म्हणजे मेंदूला डाव्या डोळ्याने पाहणे भाग पडते. मूल पट्टी ओढून काढते. पालकांची खरी कसोटी येथेच लागते. पापणीने बाहुलीचा वरचा भाग झाकलेला असल्याने शस्त्रक्रियाही फार लांबवली जात नाही. स्नायूत थोडी ताकद असल्यामुळे लिव्हेटरचा काही भाग कापून तो आखूड करण्याची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करतात. पापणीच्या दाबात बदल झाल्याने सिलिंडरही बदलू शकतो, म्हणून काही आठवड्यांनी नंबर पुन्हा तपासला जातो आणि गरज असेपर्यंत पट्टी चालू राहते. पापणी उचलल्याने बाहुलीपुढचा अडथळा दूर होतो. मंददृष्टीचा उपचार मात्र चष्मा आणि पट्टी हाच राहतो.

याच मुलाची पापणी ३ मिमीच सरकत असती, तर स्नायू आखूड करून फारसा लाभ झाला नसता. अशा वेळी पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. त्यासाठी सिलिकॉनची बारीक दोरी किंवा मांडीतून काढलेल्या स्नायूवेष्टनाची पट्टी पापणीतून भुवईवर नेऊन बसवतात. मग भुवई उंचावली की पापणी वर जाते. मांडीतून पुरेशी पट्टी मिळण्यासाठी मूल साधारण तीन वर्षांहून मोठे असावे लागते. पापणीने बाहुली पूर्ण झाकलेल्या तान्ह्या बाळात तेवढी वाट पाहता येत नाही. तेथे पहिल्या वर्षातच सिलिकॉनची दोरी वापरतात आणि पुढे गरजेनुसार पुन्हा शस्त्रक्रिया करतात. बाहुली मोकळी असेल आणि नजर नीट वाढत असेल, तर तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबणे सोयीचे असते, कारण तेव्हा मापे विश्वासाने घेता येतात.

शस्त्रक्रियेनंतर मुलाचा डोळा झोपेत किंचित उघडा राहणे अपेक्षितच असते. डोळा कोरडा पडून बुबुळावरील पारदर्शक पटलास जखम होऊ नये म्हणून रात्री मलम घालतात. डोळा लाल होणे, दुखणे किंवा उजेड सहन न होणे ही तातडीने दाखवण्याची लक्षणे होत.

प्रौढांतील वर्त्मपात

प्रौढांत सर्वाधिक आढळणारे कारण साधे आहे: लिव्हेटरची कंडरा वयोमानाने सैल होते किंवा पापणीपासून सुटते. वर्षानुवर्षे कॉन्टॅक्ट लेन्स वापरणे, डोळे सतत चोळणे किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनंतरही असे होते. स्नायू शाबूत असल्याने पापणीची हालचाल चांगली असते, पण पापणीवरील घडी नेहमीपेक्षा वर सरकलेली दिसते. मेंदूची दृष्टी घडून गेलेली असल्यामुळे मंददृष्टीचा धोका नसतो. वरच्या बाजूचे दृष्टिक्षेत्र कमी होते. वाचताना पापणी आणखी खाली येते आणि दिवसभर भुवया ताणून धरल्याने संध्याकाळी कपाळ दुखते.

संध्याकाळी वाढणारा आणि विश्रांतीने कमी होणारा वर्त्मपात मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायुदौर्बल्याचा असू शकतो. त्यात एकाचे दोन दिसण्याचीही तक्रार असते. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फाची पिशवी ठेवल्यावर पापणी २ मिमी किंवा अधिक वर आली, तर ही शंका बळावते.

अचानक उतरलेली पापणी

पापणी काही तासांत उतरली असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार बाजूला ठेवून कारण शोधावे लागते. पापणीबरोबर डोळा बाहेर आणि खाली वळला असेल, बाहुली मोठी झाली असेल आणि तीव्र डोकेदुखी असेल, तर मेंदूतील रोहिणीचा फुगा तिसऱ्या तंत्रिकेवर दाब देत असण्याची शक्यता असते. हा फुगा फुटल्यास जिवावर बेतते. याउलट पापणी थोडीच उतरलेली, बाहुली लहान आणि मान दुखत असेल, तर मानेतील रोहिणीचा आतला थर फाटल्याची शंका घेतात.

भारतातील खेड्यापाड्यांत आणखी एक कारण लक्षात ठेवावे लागते. मण्यार किंवा नाग चावल्यावर तंत्रिका आणि स्नायू यांमधील संदेशवहन थांबते आणि दोन्ही पापण्या जड होणे हे बहुधा पहिले लक्षण असते. मण्यार अनेकदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते. दंशाची खूण आणि वेदना इतकी कमी असते की ते कळतही नाही. पहाटे पोट दुखते, डोळे उघडत नाहीत आणि घरचे त्याला झोप आली आहे असे समजतात. पुढे गिळणे आणि श्वास बंद पडतो. अशा रुग्णास प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास यांची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ नेणे आवश्यक असते. श्वास सांभाळला गेल्यास पापण्या काही दिवसांत पूर्ववत होतात.

प्रौढांतील शस्त्रक्रियेचा निर्णय

कंडरा सैल झालेल्या रुग्णात पापणी बाहुलीवर येत असेल किंवा दृष्टिक्षेत्राची अडचण जाणवत असेल, तर शस्त्रक्रिया सुचवतात. दृष्टिक्षेत्र एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर धरून तपासतात. दोन्हींतील फरकावरून शस्त्रक्रियेचा लाभ अजमावता येतो. केवळ पापणीची कातडी लोंबत असेल, तर तो खरा वर्त्मपात नव्हे आणि तेथे फक्त जादा कातडी काढणे पुरते. मधुमेहामुळे तिसरी तंत्रिका दुबळी झाली असल्यास ती बहुधा काही महिन्यांत सुधारते, म्हणून किमान सहा महिने थांबतात. डोळे कोरडे असणे किंवा डोळा नीट मिटता न येणे यांमुळेही सर्जन हात आखडता घेतात.

सैल कंडरा पुन्हा पुढे ओढून शिवण्याची क्रिया केवळ जागा बधिर करून करता येते. टाका पक्का करण्यापूर्वी रुग्णास उठवून बसवतात, समोर पाहायला सांगतात आणि दोन्ही पापण्यांची उंची जुळवतात. तरीही पापणी कमी किंवा जास्त उचलली जाऊन काही रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. एक पापणी उचलल्यावर दुसरी खाली येणे हा प्रकारही परिचित आहे. दोन्ही लिव्हेटर स्नायूंना मेंदूकडून सारखीच आज्ञा मिळते. उतरलेल्या पापणीसाठी मेंदूने वाढवलेला जोर शस्त्रक्रियेनंतर कमी होतो आणि दुसऱ्या पापणीत लपलेला दोष उघड होतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच उतरलेली पापणी बोटाने वर धरून दुसरी पापणी खाली येते का ते पाहिले जाते.