आर-स्क्वेअरची साक्ष

फार्माकोकायनेटिक्सच्या प्रात्यक्षिकाचं जर्नल तपासताना आपली नजर सगळ्यात आधी ज्या आकड्यावर जाते, तो आकडा औषधाबद्दल फारसं काही सांगत नाही. सेमीलॉग आलेखाच्या शेपटीतल्या तीन-चार बिंदूंमधून सरळ रेषा काढायची, शेजारी आर-स्क्वेअर 0.99 असं लिहायचं, उतारावरून हाफ-लाइफ काढायची आणि ती वापरून एयूसी अनंतापर्यंत नेऊन ठेवायचा, ही पद्धत आता इतकी रुळली आहे की आर-स्क्वेअर 0.95 च्या खाली गेलेला विद्यार्थी अपराध्यासारखा उभा राहतो आणि 0.99 वाला निर्धास्त बसतो. आर-स्क्वेअर चांगला म्हणजे हाफ-लाइफ खरी, अशी ही समजूत आहे. ती चुकीची आहे, असं मी म्हणतो, आणि ते आकड्यांनिशी दाखवता येतं.

त्यासाठी सगळ्यांना पडताळून पाहता येईल अशी आकडेवारी घेऊ. R या संगणकीय प्रणालीत `Theoph` नावाचा संच आयता मिळतो. रॉबर्ट अप्टन यांनी केलेल्या थिओफायलिनच्या अभ्यासातली ही मोजमापं आहेत. औषध तोंडावाटे दिलेल्या बारा जणांचे प्रत्येकी अकरा रक्तनमुने त्यात आहेत. पहिली व्यक्ती 79.6 किलो वजनाची, डोस किलोमागे 4.02 मिलिग्रॅम, म्हणजे एकूण 320 मिलिग्रॅम. लिटरमागे 10.5 मिलिग्रॅम हे शिखर 1.12 तासांनी येतं. त्यानंतर पातळी संथपणे उतरते. 7.03 तासांना 7.47, 9.05 तासांना 6.89, 12.12 तासांना 5.94 आणि शेवटचा नमुना 24.37 तासांना 3.28. (वेळा अशा आडनिड्या आहेत, कारण त्या नमुना प्रत्यक्ष घेतल्याच्या वेळा आहेत. आपल्याकडे जर्नलात 9 आणि 12 असे गोल आकडे लिहिले जातात. रक्त मात्र गोल वेळेला निघत नाही.)

शेवटचे तीन बिंदू घेऊन रेषा काढली तर हाफ-लाइफ 14.3 तास येते आणि आर-स्क्वेअर 0.9999 च्याही वर जातो. यापेक्षा देखणी रेषा प्रात्यक्षिकात मिळायची नाही. आता एक गंमत करू. स्प्रेडशीटमध्ये `LN` च्या जागी `LOG` वापरायचं आणि 0.693 ला त्या उताराने भागायचं. ही चूक दर वर्षी कोणी ना कोणी करतंच. 2.303 ने गुणायचं राहून गेल्यामुळे हाफ-लाइफ 32.9 तास येते. आर-स्क्वेअर मात्र तसूभरही हलत नाही, कारण लॉगचा पाया बदलला तरी बिंदू सरळ रेषेत आहेत की नाहीत हे बदलत नाही. उत्तर दुपटीहून जास्त चुकलं, तरी साक्षीदार तीच साक्ष देतो आहे.

यावर कोणी म्हणेल, ही निव्वळ हिशेबाची चूक झाली, तिचा दोष आर-स्क्वेअरला कशाला? मान्य. मग हिशेब बिनचूक ठेवून पाहू.

आपल्याकडच्या प्रात्यक्षिकात 24 तासांचा नमुना बहुधा नसतोच. प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते, आणि हातात दिलेली आकडेवारीही बरेचदा 12 तासांवर थांबते. म्हणून शेवटचा बिंदू झाकून ठेवू आणि 7.03, 9.05 आणि 12.12 तासांच्या तीन बिंदूंवर काम भागवू. हाफ-लाइफ 15.3 तास, आर-स्क्वेअर 0.9975. जर्नलावर सही मिळायला हरकत नाही. आता समजा, 12.12 तासांच्या नमुन्याच्या मोजणीत पाच टक्क्यांची चूक झाली आणि 5.94 ऐवजी 6.24 आलं. पाच टक्के म्हणजे काही फार नव्हे. प्रमाणित केलेल्या पद्धतींनासुद्धा सर्वसाधारणपणे पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक चालते. एवढ्या एका फरकाने हाफ-लाइफ 15.3 वरून 19.7 तासांवर जाते. चूक तेवढीच, पण उलट दिशेने झाली, तर ती 12.4 वर येते. आणि आर-स्क्वेअर? वरच्या चुकीला 0.9966, खालच्या चुकीला 0.985. हाफ-लाइफ साडेचार तासांनी चुकली तेव्हा आर-स्क्वेअर चौथ्या दशांशाच्या आसपास जेमतेम हलला.

असं का होतं, हे पाहिलं की गूढ राहत नाही. आर-स्क्वेअर एवढंच सांगतो की बिंदूंच्या चढ-उताराचा किती हिस्सा सरळ रेषेने समजावता येतो. तीन बिंदू आणि त्यातून काढलेले दोन आकडे, उतार आणि छेद. म्हणजे रेषेला चुकायला जागा एकाच बिंदूपुरती उरली. क्रमाने उतरणारे कोणतेही तीन बिंदू घ्या, आर-स्क्वेअर फारसा खाली येणं अवघडच. उतार मात्र कडेच्या बिंदूंवर टेकलेला असतो. 7 ते 12 या पाच तासांत पातळी जेमतेम वीस टक्क्यांनी उतरली, त्यामुळे त्यातली पाच टक्क्यांची चूक म्हणजे अख्ख्या उताराचा पाव हिस्सा. तीच पाच टक्क्यांची चूक 24.37 तासांच्या बिंदूत घालून शेवटच्या तिन्ही बिंदूंवर पुन्हा रेषा काढली, तर हाफ-लाइफ 13.3 ते 15.4 यांच्यामध्ये राहते. फरक पडला तो रेषेने किती वेळ व्यापला यामुळे. म्हणून हाफ-लाइफच्या शेजारी लिहायला हवा तो आकडा आर-स्क्वेअर नव्हे. किती बिंदू घेतले, ते कोणत्या वेळांचे आणि त्या वेळेच्या पट्ट्यात किती हाफ-लाइफ मावतात, हे लिहायला हवं. सर्वसाधारण दंडक असा की निदान दोन मावाव्यात. 24 तासांच्या आकडेवारीतही शेवटचे तीन बिंदू जेमतेम एक हाफ-लाइफ व्यापतात. बारा तासांच्या आकडेवारीत तर एक तृतीयांशच.

प्रतिपक्षाचा सगळ्यात जोरदार मुद्दा सॉफ्टवेअरचा आहे. शेपटीतले बिंदू किती घ्यावेत हे ठरवायला व्यावसायिक सॉफ्टवेअरही समायोजित आर-स्क्वेअर वापरतात, मग आम्ही वापरला तर काय बिघडलं? बिघडलं एवढंच की सॉफ्टवेअर त्याचा उपयोग निवडीसाठी करतं. तीन बिंदू घ्यावेत की चार की पाच, यांची आपसांत तुलना करायला तो ठीक आहे. निवडलेली रेषा विश्वासार्ह आहे का, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो. उमेदवारांतून एक निवडला, म्हणून तो पात्रही ठरला असं होत नाही.

आता एयूसीकडे वळू, कारण हाफ-लाइफची दुर्बलता खरी बाहेर पडते ती तिथे. मोजलेल्या बिंदूंमधले समलंब चौकोन जोडत गेलं की 12.12 तासांपर्यंतचा एयूसी 92.5 येतो, एकक मिलिग्रॅम-तास प्रति लिटर. वरच्या पाच टक्क्यांच्या चुकीने तो 92.9 होतो. अर्धा टक्का फरक, म्हणजे नसल्यात जमा. पण शेवटची पातळी भागिले उतार असं करून शेपटी अनंतापर्यंत नेली की मूळ आकडेवारीवर एकूण 223.6 येतात आणि चुकीच्या आकडेवारीवर 270. एकवीस टक्क्यांची वाढ, आणि ती जवळजवळ सगळी न मोजलेल्या भागात. क्लिअरन्सही याच एयूसीने डोसला भागून काढायचा असल्यामुळे चूक तिथेही उतरते.

गंमत अशी की बारा तासांवरून केलेला 223.6 हा अंदाज 24 तासांच्या आकडेवारीवरून येणाऱ्या 216.6 च्या बराच जवळ आहे. यावर कोणी म्हणेल, पाहा, पद्धत चालली की! या माणसात ती चालली, कारण त्याची शेपटी विलक्षण सरळ आहे आणि मोजणी नेमकी नीट झाली आहे. जर्नल लिहिणाऱ्याला यातलं काहीच आधी ठाऊक नसतं. त्याच्या हाती एकच इशारा असतो. 223.6 पैकी 131, म्हणजे 59 टक्के, मोजलेले नाहीत, रेषा पुढे ओढून मिळवले आहेत. 24 तासांच्या आकडेवारीतसुद्धा मोजलेला एयूसी 149 आणि ओढलेला 68, म्हणजे 31 टक्के. बायोइक्विव्हॅलन्सच्या अभ्यासात युरोपीय नियामकांची अपेक्षा असते की मोजलेला भाग एकूण एयूसीच्या निदान 80 टक्के असावा. म्हणजे आर-स्क्वेअर 0.9999 असलेली ही शेपटीही त्या कसोटीला उतरत नाही. ओढलेल्या भागाची टक्केवारी काढायला एक भागाकार पुरतो. तरी ती जर्नलात क्वचितच दिसते.

समलंब चौकोनही आंधळेपणाने जोडू नयेत. 12.12 ते 24.37 हा एकच पट्टा 149 पैकी 56.5 इतका आहे, आणि तो दोनच बिंदूंवर उभा आहे. त्या दोन बिंदूंमध्ये वक्र खाली झुकलेला असतो, सरळ रेषा त्याच्या वरून जाते. उतरत्या भागात लॉग पद्धत वापरली तर तोच पट्टा 54.9 चा होतो. फरक लहान आहे, पण कोणती पद्धत वापरली हे लिहिलं नाही तर दोन विद्यार्थ्यांची उत्तरं का जुळत नाहीत हे कोणालाच कळत नाही.

आलेखाबद्दलही थोडं. स्प्रेडशीटमधला लाइन प्रकार वेळांना समान अंतरावर बसवतो. 12 ते 24 हा सव्वाबारा तासांचा पट्टा आणि पहिल्या पाव तासाचा पट्टा सारख्याच रुंदीचे दिसतात, आणि शेपटी कड्यासारखी कोसळते. स्कॅटर प्रकार घ्यावा. त्यातला गुळगुळीत वक्राचा पर्याय मात्र टाळावा, कारण शिखराजवळ तो न मोजलेलं शिखर तयार करतो. बिंदू बिंदूंसारखे दिसू द्यावेत. सेमीलॉग आलेखावर हाफ-लाइफसाठी घेतलेले बिंदू भरीव आणि बाकीचे पोकळ ठेवले, तर परीक्षकाला काही विचारावं लागत नाही.

राहिला परीक्षकांच्या अपेक्षेचा मुद्दा. पुस्तकात धूम्रपान न करणाऱ्या प्रौढांसाठी थिओफायलिनची हाफ-लाइफ आठ तासांच्या आसपास दिलेली असते, म्हणून 14.3 पाहून विद्यार्थी घाबरतो आणि जे बिंदू आठच्या जवळ नेतील ते शोधू लागतो. या औषधाची हाफ-लाइफ माणसागणिक बरीच बदलते. पुस्तकातला आकडा हा काही या माणसाचा आकडा नव्हे. बिंदू वगळायचाच असेल तर कारण लिहून वगळावा. या संचातच असा एक बिंदू आहे. शून्य वेळेला, डोसच्या आधी, रक्तात 0.74 मिलिग्रॅम प्रति लिटर औषध आढळलं आहे. शिखराच्या सात टक्के. अमेरिकी नियमांनुसार बायोइक्विव्हॅलन्सच्या अभ्यासात ते पाच टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती व्यक्ती विश्लेषणातून वगळतात. जर्नलात तिथे गुपचूप शून्य लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि आर-स्क्वेअर त्याबद्दलही चकार शब्द काढत नाही, कारण तो बिंदू रेषेत नसतोच.

बारा तासांच्या आकडेवारीवरचा प्रामाणिक निष्कर्ष असा लिहिता येईल: 12.12 तासांपर्यंतचा एयूसी 92.5, हाफ-लाइफ सुमारे 15 तास, 7.03 ते 12.12 या वेळेतल्या तीन बिंदूंवरून, पट्टा एक तृतीयांश हाफ-लाइफचा, पाच टक्के मोजणी-चुकीला 12 ते 20 तास. अनंतापर्यंतच्या एयूसीतला 59 टक्के भाग ओढलेला, म्हणून क्लिअरन्स दिलेला नाही.