छतावरील पाण्याचे डाग

छतावरील पाण्याचे डाग म्हणजे गळतीनंतर स्लॅबच्या खालच्या गिलाव्यावर उमटणारे तपकिरी किंवा पिवळसर चट्टे होत. परभणी जिल्ह्यात बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्यामुळे असे डाग प्रामुख्याने पावसाळ्यात दिसू लागतात आणि त्यांची दुरुस्ती पावसाळा संपल्यावर केली जाते.

== कारण ==
स्लॅबमधून झिरपणारे पाणी गच्चीवरील माती, कुजलेला पालापाचोळा, सिमेंटमधील क्षार आणि क्वचित सळयांचा गंज सोबत आणते. ओल्या भागाच्या कडेला पाणी लवकर सुकते व त्यातील रंगद्रव्य तेथेच साचते. म्हणून डागाची कड मध्यभागापेक्षा गडद असते. सांडलेला चहा वाळल्यावर असेच वर्तुळ उरते.

== केवळ रंगाने डाग का झाकत नाही ==
डिस्टेंपर व इमल्शन हे पाण्यात कालवलेले रंग आहेत. ते लावताच वाळलेले रंगद्रव्य त्यांतील पाण्यात पुन्हा विरघळते आणि रंग सुकताना पाण्याबरोबर पृष्ठभागावर येते. दुसरा व तिसरा हात दिला तरी हीच क्रिया घडते. अडचण रंगाच्या जाडीची नसून विद्राव्यतेची आहे.

== उपचार ==
प्रथम गळती बंद करावी लागते. गच्चीचा उतार, पन्हळीचे तोंड आणि कोब्यातील भेगा तपासतात. त्यानंतर छत पूर्ण वाळू देतात. यास काही आठवडे लागू शकतात. डागावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवतात. आतल्या बाजूस दव धरल्यास ओल शिल्लक आहे असे समजावे.

वाळल्यावर सुटलेले पोपडे खरवडतात. पांढरा लोणा कोरड्या ब्रशने झाडतात. तो पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा गिलाव्यात मुरतात. नंतर डागावर व त्याच्या कडेबाहेर सुमारे चार बोटे रुंदीपर्यंत तेलयुक्त किंवा लाखयुक्त प्राइमर लावतात. पहिल्याचे माध्यम टर्पेंटाइन, तर दुसऱ्याचे स्पिरिट असते. पाण्यात विरघळणारे रंगद्रव्य त्यांत सहसा विरघळत नाही व थराखाली बंदिस्त होते. प्राइमर सुकल्यावरही तपकिरी छटा दिसल्यास दुसरा हात देतात. मगच लांबी भरून नेहमीचा रंग दिला जातो.

== मर्यादा ==
ओल्या छतावर हा प्राइमर दिल्यास आतील वाफ अडते आणि थराला फुगे येतात. नव्या सिमेंट गिलाव्यातील अल्कलीमुळे तेलयुक्त प्राइमर खराब होतो, म्हणून असा गिलावा आधी पुरेसा मुरू व वाळू द्यावा लागतो. डाग नारिंगी असून सळईच्या रेषेत असल्यास, गिलाव्याला भेग असल्यास किंवा तो ठोकल्यावर पोकळ वाजल्यास सळई गंजल्याची शक्यता असते. तेथे रंगकाम न करता स्लॅबची तपासणी अभियंत्याकडून करून घेणे आवश्यक ठरते, कारण गंजाने फुगलेली सळई गिलावा खाली पाडू शकते.