अवतरणाच्या श्रेयाची पडताळणी

अवतरणाच्या श्रेयाची पडताळणी म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या छायाचित्राशेजारी फिरणारे वाक्य खरोखर त्या व्यक्तीचे आहे का, हे ते पुढे पाठवण्यापूर्वी मूळ साधनांवरून तपासणे होय. छायाचित्र अस्सल असले तरी त्यामुळे शेजारच्या मजकुराला पुरावा मिळत नाही. हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पडताळणीत प्रामुख्याने तीन निष्कर्ष निघतात: वाक्य मूळ साधनात सापडते, आशय सापडतो पण शब्द वेगळे असतात, किंवा कोणताच आधार मिळत नाही.

## काळ आणि शब्दांची कसोटी

पहिली तपासणी कालक्रमाची असते. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म १८७४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यात झाला आणि निधन ६ मे १९२२ रोजी झाले. त्यामुळे १९२२ नंतरच्या घटनेचा किंवा कायद्याचा उल्लेख असलेले वाक्य त्यांचे असू शकत नाही. तसेच त्यांच्या नावासोबत साताऱ्याच्या छत्रपती शाहूंचे (१६८२–१७४९) चित्र लागले आहे का, हेही पाहावे लागते.

दुसरी तपासणी शब्दांची असते. शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या आदेशाने करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भरण्याचे ठरले. हा आदेश खरा आहे. परंतु त्यात ‘आरक्षण’ हा आजचा शब्द नाही. या धोरणाचे समर्थन करणारे, ‘आरक्षण’ शब्द असलेले सुभाषितवजा वाक्य त्यांच्या चित्राशेजारी दिसल्यास, आदेश खरा असल्यामुळे ते वाक्यही खरे ठरत नाही. ते बहुधा नंतरच्या कोणी केलेले सारांशरूप असते.

## मूळ मजकुराचा शोध

वाक्यातील चार-पाच वेगळे शब्द निवडून ते शोधले जातात. सामान्य शब्द घेतल्यास एकमेकांची नक्कल केलेले संदेशच समोर येतात, आणि त्यांची संख्या हा पुरावा नसतो. जुन्या मराठी मुद्रणात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तें’ असे अनुस्वार असत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर ते वगळले गेले. म्हणून दोन्ही रूपांनी शोध घ्यावा लागतो. मात्र आजचे शुद्धलेखन हा बनावटपणाचा पुरावा नव्हे, कारण पुनर्मुद्रणात ते बदललेले असू शकते.

छापील साधनांत शाहू महाराजांसाठी ‘राजर्षी शाहू छत्रपती पेपर्स’ ही ग्रंथमाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसाठी महाराष्ट्र शासनाचे ‘लेखन आणि भाषणे’ हे खंड उपयोगी पडतात. भाषणाचा दिनांक आणि स्थळ मिळाले, तर समकालीन वृत्तपत्रातील वृत्तांतापर्यंत जाता येते.

## उदाहरण: माणगाव परिषद

२१ व २२ मार्च १९२० रोजी तत्कालीन कागल जहागिरीतील माणगाव (आता हातकणंगले तालुका) येथे अस्पृश्यांची परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. शाहू महाराज तेथे उपस्थित होते. उपस्थितांना आंबेडकरांच्या रूपाने स्वतःचा नेता मिळाला आहे, या आशयाचे त्यांचे उद्गार दोघांच्या चित्रांसह वारंवार फिरतात.

येथे व्यक्ती, प्रसंग आणि आशय हे तिन्ही खरे आहेत. प्रश्न नेमक्या शब्दांचा आहे. परिषदेपूर्वी सुमारे दोन महिने, ३१ जानेवारी १९२० रोजी, आंबेडकरांचे ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू झाले होते. त्यामुळे या भाषणाच्या शब्दांसाठी तत्कालीन वृत्तांत हे जवळचे साधन आहे. धनंजय कीर यांचे आंबेडकर-चरित्र प्रथम १९५४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. इंग्रजी चरित्रातील उद्गार पुन्हा मराठीत आणले की मराठीत बोललेले वाक्य दोन भाषांतरांतून फिरून येते. एकाच उद्गाराची अनेक रूपे आढळण्यामागे हे एक संभाव्य कारण असते. वृत्तांताशी न जुळणारे रूप अवतरणचिन्हांत देण्याऐवजी ‘या आशयाचे’ असे नोंदवणे योग्य ठरते.

## क्रम आणि उगम

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही घोषणा आंबेडकरांची म्हणून ओळखली जाते. जुलै १९४२ मधील नागपूरच्या परिषदेत त्यांनी ती इंग्रजीत दिली, तेव्हा क्रम शिका, चळवळ करा, संघटित व्हा असा होता. ही त्रयी त्याआधी ब्रिटिश समाजवादी चळवळीतही वापरात होती. म्हणजे एखादी घोषणा कोणी उच्चारली आणि ती प्रथम कोणी रचली, यांची उत्तरे वेगळी असू शकतात.

## मर्यादा

शोधात वाक्य न सापडणे म्हणजे ते खोटे असल्याचे सिद्ध होणे नव्हे. जुन्या नियतकालिकांचे सर्व अंक उपलब्ध नसतात, आणि देवनागरी पानांचे संगणकीय वाचन जोडाक्षरांत चुकते. सर्वच भाषणांची शब्दशः नोंदही झालेली नसते. अशा वेळी ‘यांच्या नावे प्रचलित, मूळ आधार आढळला नाही’ एवढेच विधान करता येते.