कृष्णाकाठचे शालेय वर्ष आणि अभ्यासक्रमाची वाटणी

1949 साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि 1960 साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. कारभार विभागला तरी शाळेचे वर्ष दोन्हीकडे एकाच साच्याचे राहिले. जूनच्या मध्यास आरंभ, दिवाळीपूर्वी प्रथम सत्राची परीक्षा, एप्रिलमध्ये वर्षाची अखेर. या साच्यात अभ्यासक्रम बसविण्याचे साधन म्हणजे शिक्षकाचे वार्षिक नियोजन होय. हा साचा पावसाचा विचार करून आखलेला नाही, हे साताऱ्याच्या पश्चिम भागात प्रथमपासून जाणवत आले आहे. जावळी, महाबळेश्वर यांसारख्या अतिवृष्टीच्या भागांतील काही शाळांत उन्हाळ्याऐवजी ऐन पावसाळ्यात सुट्टी घेण्याची प्रथा पडली, ती याच कारणाने. सांगलीच्या नदीकाठी मात्र अशी सोय झाली नाही. कारण तेथे पूर दरवर्षी येत नाही.

2019-20 या वर्षाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. नववीच्या मराठीस आठवड्याला सहा तासिका आहेत असे धरू. 17 जूनपासून 19 ऑक्टोबरपर्यंत आठवडे भरतात 18. त्यातून बकरी ईद, स्वातंत्र्यदिन, पतेती, गणेशचतुर्थी, मोहरम, गांधीजयंती व दसरा या सात सुट्ट्या आणि गौरी-गणपतीचे आणखी काही दिवस वजा केले, की सुमारे दोन आठवडे जातात. घटक चाचणी व सत्र परीक्षा यांस मिळून आणखी दोन आठवडे लागतात. उरतात 14 आठवडे, म्हणजे 84 तासिका. सर्वसाधारण नियोजनात या 84 तासिका धड्यांत, कवितांत व व्याकरणात पूर्णपणे वाटून टाकलेल्या असतात. रिकामी जागा ठेवणे हा कामचुकारपणा वाटतो.

त्या वर्षी 5 ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे सत्राच्या आठव्या आठवड्यात, कृष्णेच्या महापुराने सांगली व परिसर व्यापला. पूरग्रस्त भागांत आठवा व नववा असे दोन आठवडे वर्ग भरले नाहीत असे धरले, तर 12 तासिका, म्हणजे सत्राचा सातवा हिस्सा बुडाला. पुढे 21 ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान होते; त्याच्या पूर्वतयारीत अनेक शिक्षक गुंतले, त्यामुळे सत्राच्या अखेरीस भरपाईस फारशी जागा राहिली नाही.

या ठिकाणी तासिकांच्या संख्येपेक्षा त्यांचा क्रम अधिक महत्त्वाचा ठरतो. आठव्या-नवव्या आठवड्यात अलंकार नेमलेले असतील, तर ते डिसेंबरात शिकविल्याने काही बिघडत नाही. त्यांच्यावर दुसरा कोणताही घटक अवलंबून नाही. परंतु तेथे विभक्ती असेल तर गोष्ट निराळी. तत्पुरुष समासाचा विग्रह विभक्तीच्या ज्ञानावाचून होत नाही. म्हणून विभक्ती मागे पडली की समासही मागे ढकलावा लागतो, आणि तो द्वितीय सत्राच्या अखेरीस जाऊन पडतो. 2020 च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या व नववीची द्वितीय सत्र परीक्षा रद्द झाली. वर्षाच्या टोकास ठेवलेले जे काही होते, ते शिकवावयाचेच राहिले. जुलै 2020 मध्ये शासनाने पुढील वर्षाचा अभ्यासक्रम 25 टक्के कमी केला. परंतु ती कपात दहावीच्या अभ्यासक्रमातून झाली, नववीत राहिलेली उणीव तिने भरून निघाली नाही.

यावरून नियोजनाची रीत उलट्या दिशेने मांडणे युक्त दिसते. प्रथम कोणता घटक कोणत्या घटकाचा आधार आहे हे ठरवावे. आधारभूत घटक जून-जुलैत, म्हणजे पहिल्या सात आठवड्यांत बसवावेत. ऑगस्टचे पहिले दोन आठवडे सुटे, हलविता येण्याजोगे घटक घेण्यास राखावेत. 84 पैकी सहा तासिका मोकळ्या सोडाव्यात. पूर न आल्यास त्या उजळणीस उपयोगी पडतात. आल्यास अर्धी हानी तेथेच भरून निघते आणि उरलेल्या सहा तासिकाच द्वितीय सत्राकडे जातात. त्याही डिसेंबरपूर्वी पुऱ्या कराव्यात, मार्चवर टाकू नयेत.

या रीतीस मर्यादा आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 याने पहिली ते पाचवीस 200 व सहावी ते आठवीस 220 कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. परंतु दिवसांची भरती म्हणजे क्रमाची दुरुस्ती नव्हे. रविवारी वर्ग भरवून दिवस पुरे होतात, तरी विभक्तीपूर्वी समास शिकविला गेला असेल तर तो कच्चाच राहतो. नियोजन फसल्याची खूणही नोंदवहीत सापडते. नियोजित दिनांक आणि प्रत्यक्ष शिकविल्याचा दिनांक हे रकाने पुराच्या वर्षीही तंतोतंत जुळत असतील, तर नोंद मागाहून भरलेली असावी. आणि पहिल्या घटकांस आठ-आठ तासिका लागून शेवटचे घटक दोन-दोन तासिकांत संपलेले दिसले, तर वर्षाची सारी तूट अखेरच्या धड्यांवर पडली आहे असे समजावे. ती तूट त्या वर्षीच्या निकालात दिसतेच असे नाही. पुढील इयत्तेच्या वर्गात, विग्रह करताना अडलेल्या विद्यार्थ्यांत ती दिसते.